आधी तारीख, मग मानपान

आपल्या भागातल्या कोणत्याही कार्यक्रमाचे भित्तिपत्रक वाचायला घेतले, तर पहिल्या चार ओळींत कार्यक्रम सोडून सगळे काही सापडते. दोन संस्थांचे 'संयुक्त विद्यमान' असते. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती अशी उतरंड असते. मग 'बहुसंख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा' ही विनंती. आणि अगदी तळाशी, 'आपले विनीत'च्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख, वेळ, स्थळ. प्रवेश कोणाला, पैसे लागतील का, नाव नोंदवावे लागेल का, हे बहुधा कंसातल्या टिपेत जाते किंवा कुठेच नसते.

यावर माझे म्हणणे सरळ आहे. भित्तिपत्रक ज्याने वाचायचे आहे, त्याला पाहुण्यांचा क्रम नको असतो. त्याला चार गोष्टी हव्या असतात: काय आहे, कधी आहे, कुठे आहे, मला येता येईल का. त्या याच क्रमाने, आणि बाकी सगळ्याच्या आधी दिसायला हव्यात. हा मुद्दा सजावटीचा नाही. कार्यक्रम ज्यांच्यासाठी ठेवला, त्यांच्यापैकी कोण येऊ शकेल आणि कोण नाही, हे त्यावर ठरते. एक उदाहरण घेऊन ते तपशिलाने मांडते.

एका तालुक्याच्या गावी स्त्रियांसाठी कायदा सल्ल्याचे शिबिर ठरले. आयोजकांनी मजकूर शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवला. नावे काढून तो असा होता:

भव्य! भव्य! भव्य!
(दोन संस्थांची नावे) यांच्या संयुक्त विद्यमाने
महिलांसाठी एकदिवसीय कायदेविषयक जनजागृती व मार्गदर्शन शिबिर
अध्यक्ष : … उद्घाटक : … प्रमुख पाहुणे : …
प्रमुख उपस्थिती : (सात नावे)
विशेष मार्गदर्शक : ॲड. …
तरी सर्व महिलांनी बहुसंख्येने उपस्थित राहून शिबिराचा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.
आपले विनीत : (अकरा नावे)
दि. ११/१/२६, वेळ : बाद नमाज-ए-जोहर, स्थळ : उर्दू शाळा
(टीप : प्रवेश विनामूल्य. नावनोंदणी आवश्यक.)

शुद्धलेखनाची चूक यात एकही नव्हती. तरीही हा मजकूर छापू नये, असे मी कळवले.

कारण हा कागद कोण वाचणार, याचा विचार करा. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, पोटगी मिळत नसलेली, किंवा वडिलांच्या जमिनीत आपला हिस्सा आहे का हे विचारायची हिंमत न झालेली बाई. अशी बाई रस्त्यात कायदा सल्ल्याच्या कागदासमोर उभी राहून तो वाचत बसू शकत नाही. मोहल्ल्यात दहा डोळे असतात आणि 'काय वाचत होतीस?' हा प्रश्न संध्याकाळी घरी पोहोचतो. ती चालता चालता वाचणार, पिठाच्या गिरणीवरून परत येताना किंवा मुलाला शाळेत सोडायला जाताना. तिच्याकडे चारपाच सेकंद आहेत. वरचा मजकूर वाचताना ते सेकंद 'प्रमुख उपस्थिती'पर्यंतसुद्धा पुरत नाहीत.

आता तळाच्या दोन ओळी पाहा, कारण खरी गडबड तिथेच आहे.

'दि. ११/१/२६' यात वार नाही. बाजारचा दिवस, कामाचा दिवस, नवऱ्याच्या सुट्टीचा दिवस हे सगळे वाराने चालते. अकरा तारखेला कोणता वार येतो, याचा हिशेब कोणी भिंतीपाशी उभे राहून करत नाही. दुसरे म्हणजे देवनागरीतला १ आणि ९ लांबून किंवा पुसट छपाईत एकमेकांसारखे दिसतात. '११/१' हे '११/९' वाचले जाऊ शकते. महिना अक्षरांत लिहिला की ही शंका राहत नाही: रविवार, ११ जानेवारी. फोन नंबर मात्र मोठ्या इंग्रजी अंकांत द्यावा. फोनवर आकडे दाबायची सवय त्याच अंकांची असते, आणि उर्दू वाचणाऱ्यांनाही ते अडत नाहीत.

'बाद नमाज-ए-जोहर' हे आपल्या जलशांच्या पत्रकांतून आलेले आहे. एकाच मशिदीतल्या लोकांना त्यातून वेळ कळते, कारण जमातीची वेळ त्यांना माहीत असते. पण वेगवेगळ्या मशिदींत जोहरच्या जमातीची वेळ वेगळी असते, आणि स्त्रिया बहुतेक घरीच नमाज पढतात. मगरिबचे तर आणखी अवघड. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणजे 'बाद मगरिब' ही वेळ वर्षभरात तासाहून अधिक सरकते. शिवाय हे शिबिर गावातल्या सगळ्या स्त्रियांसाठी होते, आणि शेजारच्या वस्तीतल्या मराठी बाईला या शब्दांतून काहीच कळणार नव्हते. घड्याळाची वेळ लिहावी, आणि सुरू होण्याबरोबर संपण्याचीही लिहावी. 'दुपारी २ ते ५' लिहिले की बाईला घरी परतण्याचा हिशेब करता येतो. संपण्याची वेळ माहीत नसलेल्या कार्यक्रमाला घरातून परवानगी मिळवणे तिला कठीण जाते.

'उर्दू शाळा' ही खूण झाली, पत्ता झाला नाही. गावात उर्दू शाळा दोन होत्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाळेला फाटकेही दोन. पुढचे फाटक चौकात, चहाच्या टपऱ्यांसमोर, मागचे गल्लीत. मी आयोजकांना विचारले, कोणत्या फाटकाने आत घेणार? त्यांनी ते ठरवलेच नव्हते.

'नावनोंदणी आवश्यक' याबद्दलही मी विचारले. नोंदणी कशासाठी? उत्तर आले, "खुर्च्या किती लागतील ते कळावं म्हणून." म्हणजे नाव न नोंदवता कोणी आली, तर तिला परत पाठवणार नव्हते. पण कागदावर 'आवश्यक' वाचून जिला आपले नाव कुठे द्यायची भीती वाटते, ती आलीच नसती. खुर्च्यांच्या अंदाजासाठी घातलेला शब्द दारावरच्या कुलपासारखा वाचला गेला असता.

इथे मला एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. आपल्या पत्रकांतला गोंधळ पुष्कळदा भाषेचा नसतो, निर्णयाचा असतो. स्थळ मोघम लिहिले जाते, कारण खोली ठरलेली नसते. वेळ मोघम लिहिली जाते, कारण पाहुणे कधी येतील ते ठाऊक नसते. प्रवेशाबद्दल 'सर्वांचे स्वागत' लिहिले जाते, कारण मुले आणली तर चालतील का, पुरुष सोबत आले तर कुठे बसतील, यावर बैठकीत कोणी बोललेलेच नसते. तारीख, स्थळ आणि प्रवेश वर आणायला घेतले की या गोष्टी आधी ठरवाव्याच लागतात. म्हणून मजकूर लिहिण्याचे काम छपाईच्या आदल्या रात्री डीटीपीवाल्यावर सोडू नये. बैठकीतच एका कोऱ्या कागदावर चार प्रश्न लिहावेत आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत उठू नये.

आयोजकांनी दोन दिवसांत ते ठरवले. त्यानंतरचा मजकूर असा झाला:

महिलांसाठी मोफत कायदा सल्ला
रविवार, ११ जानेवारी २०२६
दुपारी २ ते ५
नगर परिषद उर्दू शाळा क्र. २, तळमजला
पाण्याच्या टाकीसमोर. येण्यासाठी मागचे फाटक
गावातल्या कोणत्याही बाईने यावे. पैसे नाहीत. आधी नाव देण्याची गरज नाही.
कागदपत्रे असतील तर आणा, नसली तरी या. लहान मुले आणली तरी चालेल.
महिला वकील प्रत्येकीशी वेगळे बोलतील.
पोटगी, तलाक, मेहर, वारसा, घरातला त्रास, नोंदणीचे दाखले
फोन : …
आयोजक : (दोन संस्थांची नावे)

काही शब्द का बदलले, ते सांगते. 'कायदेविषयक जनजागृती व मार्गदर्शन शिबिर' यातून नेमके काय मिळणार, ते कळत नाही. भाषण ऐकायचे आहे की आपली अडचण सांगायची आहे? 'कायदा सल्ला' म्हटले की कळते. 'विनामूल्य' हा शब्द शुद्ध आहे, पण ज्या घरात दखनी बोलतात तिथे तो बोलण्यात नाही. 'मोफत' मराठीतही आहे आणि उर्दूतल्या 'मुफ्त'चाच भाऊ आहे. तो दोघींना एका नजरेत कळतो.

'घरगुती हिंसाचार' हे शब्द मथळ्यात घ्यावेत, असा एका कार्यकर्तीचा आग्रह होता, आणि त्यामागचे कारण चांगले होते. २००५चा कायदा त्याच नावाने ओळखला जातो आणि विषय लपवू नये, असे तिचे म्हणणे. पण मथळ्यात ते शब्द असतील, तर त्या फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक बाईवर शिक्का बसतो. 'कायदा सल्ला' या मथळ्याखाली वारसा किंवा दाखल्यासाठी आलेली आणि मार खाऊन आलेली, दोघी एकाच रांगेत बसतात. म्हणून विषय खाली यादीत घेतला, आणि तोही 'घरातला त्रास' या बोलीतल्या शब्दांत.

प्रवेशाच्या ओळी एवढ्या कशाला, असे कोणी विचारेल. मराठी कार्यक्रमांत 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' ही ओळ ठरलेली आहे, आणि उर्दू जलशांत 'खवातीन के लिए परदे का माकूल इंतजाम है' ही. दुसरी ओळ मला नेहमीच अधिक कामाची वाटते. परद्याबद्दल तुमचे मत काहीही असो, ती ओळ वाचणारीच्या मनातल्या प्रश्नाला उत्तर देते. पहिली ओळ फक्त तिकीट नाही एवढेच सांगते. प्रवेशाचा मजकूर लिहिताना येणारीला दारात काय अडवेल, ते शोधायचे आणि त्याचेच उत्तर लिहायचे. इथे तिला अडवणाऱ्या गोष्टी पाच होत्या: पैसे, नाव, कागद, मूल आणि चारचौघांत बोलण्याची लाज. म्हणून प्रवेशाच्या पाच गोष्टी झाल्या. कवी संमेलनाच्या पत्रकात एवढे लागणार नाही. तिथे 'प्रवेशिका दारावर' एवढेच पुरेल.

'मोफत' लिहिताना मात्र खातरजमा करून लिहावे. शिबिरातला सल्ला मोफत होता, हे खरे. पण पुढे दावा लावायची वेळ आली तर? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. ही माहिती शिबिरात तोंडी द्यायची असे ठरले. ती भिंतीवर घातली असती, तर वरच्या चार गोष्टी पुन्हा गर्दीत हरवल्या असत्या. पत्रकाचे काम बाईला फाटकापर्यंत आणण्याचे आहे. पुढचे काम माणसांचे.

आता अक्षरांच्या मापाबद्दल. फलक रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: दहा फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षर एक इंच उंच हवे. हा हिशेब इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा आहे. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार असतात, त्यामुळे संगणकावर तेच माप दिले तरी शिरोरेषेखालचे अक्षर लहान पडते. म्हणून छापील अक्षर पट्टीने मोजावे, पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. ए-३ कागद साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर मथळा आणि 'रविवार, ११ जानेवारी' ही ओळ इंचभर अक्षरांच्या जवळपास नेता येते, पण त्यासाठी बाकीचे शब्द कमी करावे लागतात. अठरा नावे आणि इंचभराची तारीख एका कागदावर मावत नाही.

शिवाय आज तोच कागद फोनवर फिरतो. तिथे ३० सेंटिमीटरची रुंदी साडेसहा-सात सेंटिमीटर होते. म्हणजे कागदावर एक सेंटिमीटरचे अक्षर फोनवर जेमतेम दोन मिलिमीटरचे उरते. त्याहून बारीक लिहिलेले बोटांनी चित्र मोठे केल्याशिवाय वाचता येत नाही. तेव्हा प्रवेशाच्या ओळीसुद्धा कागदावर सेंटिमीटरभराच्या असाव्यात. चित्रासोबत तोच मजकूर टाइप करूनही पाठवावा. ज्यांना दिसत नाही आणि फोन वाचून दाखवतो, त्यांना चित्रातला मजकूर बहुधा पोहोचत नाही. आणि फोनवर फिरणाऱ्या पत्रकात वर्ष हवेच, कारण ते पुढच्या जानेवारीतही कुठून तरी परत येते.

दोन लिप्यांचाही प्रश्न होता. आमच्याकडच्या थोरल्या बायका उर्दू वाचतात, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलींना उर्दू वाचता येत नाही. दोन्ही भाषांत सगळा मजकूर शेजारी शेजारी घातला की दोन्ही अर्धे होतात आणि तारीख दोन ठिकाणी बारीक दिसते. नस्तालिक अक्षर उजवीकडून डावीकडे उतरत जाते, त्याला ओळींमध्ये जागा जास्त लागते, म्हणून उर्दूवर अन्याय अधिक होतो. आम्ही दोन वेगळी पत्रके केली आणि दोन्हींत ओळींचा क्रम तोच ठेवला. खर्च फारसा वाढला नाही, कारण तेवढ्याच प्रती दोन भागांत विभागल्या. छपाईपूर्वी एक शब्द मुद्दाम तपासावा: रविवार. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर नेला की ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि नेमका तारखेतलाच शब्द बिघडतो.

आणि शेवटी नावांचा प्रश्न, जो खरा अवघड आहे. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "बेटा, नाव खाली गेलं तर साहेब येणार नाहीत, आणि देणगीही पुढच्या वेळी मिळणार नाही." ही भीती खोटी नाही. ज्यांनी पैसे दिले, जागा दिली, त्यांची दखल घेतलीच पाहिजे. पण त्यासाठी भिंत वापरायची गरज नाही. पूर्वीपासून आपल्याकडे निमंत्रणपत्रिका वेगळी असते. पाहुण्यांच्या हातात ती द्यावी. त्यात अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख उपस्थिती सगळा क्रम मानाने छापावा. व्यासपीठावरच्या फलकावर, आभाराच्या भाषणात नावे घ्यावीत. अलीकडे पत्रिका आणि भित्तिपत्रक एकाच फाइलमधून निघू लागले आणि पत्रिकेचा मजकूर भिंतीवर चढला. ते दोन पुन्हा वेगळे केले की भांडण बरेचसे मिटते. इथे मिटले. एक पाहुणे नाराज झाले, तेही खरे.

याला अपवाद आहे. मुशायरा असेल आणि लोक एखाद्या शायरासाठीच येणार असतील, तर त्याचे नाव हेच 'काय आहे' याचे उत्तर आहे, ते वर जाईल. पण उद्घाटकाचे नाव ऐकून कायदा सल्ल्याला कोणी येत नाही.

मजकूर जमला की नाही, हे छापण्याआधी कळू शकते. कागदाची एक प्रत काढून भिंतीला लावा. कार्यक्रमाची काही माहिती नसलेल्या शेजारणीला दहा फुटांवर उभे करून पाच सेकंद दाखवा, मग कागद झाकून विचारा: काय आहे, कधी, कुठे, पैसे लागतील का? समितीतल्या कोणाला विचारू नका, त्यांना उत्तरे पाठच असतात. ज्या प्रश्नाला ती अडखळेल, ती ओळ वर घ्या किंवा तिच्याभोवतीची गर्दी कमी करा. छापल्यानंतरची परीक्षा फोनवर होते. दिलेल्या नंबरवर येणारे प्रश्न लिहून ठेवावेत. 'कुठे आहे?' आणि 'पैसे किती?' असे विचारणारे फोन येत असतील, तर पत्रक फसले. 'माझ्या बहिणीचं असं असं झालंय, तिला आणू का?' असा फोन आला, तर पत्रकाने त्याचे काम केले.

पुढे एकच गोष्ट उरते, ती कागदावरची नाही. २ लिहिले असेल तर २ वाजता सुरू करा. पाहुणे पोहोचले नाहीत म्हणून साडेतीनपर्यंत बायकांना बसवून ठेवले, तर पुढच्या पत्रकावरची वेळ कितीही मोठ्या अक्षरांत छापा, तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ५ वाजता तिला घरी निघायचे असते, हे तुम्हीच तर ठरवून लिहिले होते.